भरभर बोलून डबिंग होत नाही

‘मुलगी बारावी विज्ञानला ६४ टक्क्यांनी पास झाली. इंजिनिअरिंग नको म्हणते. दिवसभर छोटे इंग्रजी व्हिडिओ मराठीत डब करत बसते. मराठी वाक्य लांबतं, म्हणून भरभर बोलते. आवाज गोड आहे. मी लॅपटॉप काढून घेतला आहे. आधी इंजिनिअरिंग करून मग व्हॉइसचा कोर्स केला तर?’
– एक पालक, सातारा

गुणांचं नंतर बघू. लॅपटॉप काढून घेतलात, म्हणजे ज्या एका कामात ती आपणहून तासन् तास बसते तेच बंद केलंत. आणि नको असलेली चार वर्षं तिच्या गळ्यात मारून आवाजाचा कोर्स बक्षीस म्हणून पुढे ठेवलात. हा सौदा मला पटत नाही.

शिवाय तिचं अडतंय ते आवाजापाशी नाहीच, लिहिण्यापाशी अडतंय. समजा, मूळ ओळ आहे, ‘बिफोर यू ड्राइव्ह, चेक युअर टायर प्रेशर.’ वेळ दोन सेकंद. शब्दशः मराठी केलं तर ‘गाडी चालवण्यापूर्वी तुमच्या टायरमधील हवेचा दाब तपासून घ्या’. उच्चारात ही वीसेक अक्षरं होतात. सहज बोलताना सेकंदाला पाच-सहा अक्षरं जातात, म्हणजे साडेतीन सेकंद हवेत. मग ती धावते, शेवटची अक्षरं गिळते, श्वास ऐकू येतो. सॉफ्टवेअरने आवाज दाबून बसवला तरी घाई लपत नाही. त्याऐवजी ‘निघण्याआधी टायरची हवा बघा’ म्हणा. बारा अक्षरं, दोन सेकंदांत बसतात. आपण पेट्रोल पंपावर असंच बोलतो.

पण काम इथे संपत नाही, पडद्यावर काय आहे ते पाहावं लागतं. बोलणाऱ्याचा चेहरा जवळून दिसत असेल तर हीच रचना ठेवावी. ‘प्रेशर’च्या ‘प’ला ओठ मिटतात आणि जवळपास त्याच क्षणी ‘बघा’चा ‘ब’ येतो. चेहरा नसून ‘प्रेशर’ म्हणताना व्हॉल्व्हला लावलेला गेज दिसत असेल, तर ‘निघण्याआधी बघा टायरची हवा’ असं फिरवावं, म्हणजे ‘हवा’ हा शब्द गेजवर पडेल. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, म्हणून नेमका दाखवायचा शब्द आधीच उच्चारून होतो आणि चित्र मागे राहतं. व्याकरण चोख असूनही डबिंग सुटं वाटतं, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं.

ही जाण कोर्सच्या जाहिरातीत दिसणाऱ्या मायक्रोफोनमधून येत नाही. त्यामुळे व्हॉइसच्या कोर्सची फी आत्ता भरू नका. मराठी किंवा मास मीडियाच्या पदवीला प्रवेश घेता येईल. सीईटी दिली असेल तर इंजिनिअरिंगचा रस्ताही खुला आहे, पण तिची इच्छा असेल तरच. दरम्यान तिला एका मिनिटाचा व्हिडिओ घेऊ द्या. प्रत्येक ओळीची सुरुवात, शेवट आणि मधले थांबे आधी लिहायचे, मग मराठी लिहायचं, रेकॉर्डिंग सगळ्यात शेवटी. झाल्यावर मूळ व्हिडिओ न दाखवता तिने डब केलेला आजीला दाखवा. कुठलं वाक्य आजीला परत ऐकावं लागलं, तिथे खूण करून तेवढीच ओळ पुन्हा लिहायची.