घर मुलाच्या नावावर करताना ‘सांभाळ’ कुठे लिहायचा?

“माझं वय ७२. मुलगा म्हणतो, ‘आई, फ्लॅट माझ्या नावावर कर, मी तुला शेवटपर्यंत सांभाळतो.’ तो वाईट नाही. पण उद्या बदलला तर मी कुठे जाऊ?”

माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या या काकूंनी बक्षीसपत्राचा मसुदा सोबत आणला होता. त्यात ‘नैसर्गिक प्रेम व जिव्हाळ्यापोटी’ घर दिल्याचं लिहिलं होतं, सांभाळाबद्दल मात्र एक ओळही नव्हती. त्या म्हणाल्या, “असं लिहून मागितलं तर त्याला अविश्वास वाटेल.”

नेमका धोका इथेच आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याचं कलम २३ असं सांगतं: मूलभूत गरजा भागवण्याच्या अटीवर घर दिलं आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्दबातल ठरवू शकतं. महाराष्ट्रात हे न्यायाधिकरण म्हणजे प्रांताधिकारी. पण मुळात अट होती हे सिद्ध व्हावं लागतं. २०२२ मध्ये एका आईच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. प्रेमापोटी दिलेल्या घराला अशी अट आपोआप चिकटत नाही.

मी आधी एकट्या काकूंशी बोलले, मग मुलगा आणि सून दोघांनाही बोलावलं. मुलाची बाजूही खरी होती. पुण्यातली नोकरी सोडून तो आईजवळ राहायला येणार होता. मृत्युपत्र आईसाठी सर्वांत सुरक्षित, कारण घर शेवटपर्यंत तिचंच राहतं. पण ते कधीही बदलता येतं, त्यामुळे त्याच्या हाती ठोस काहीच येत नव्हतं. फ्लॅट काकूंच्या स्वतःच्या पगारातून घेतलेला होता. तो काकांच्या नावावर असता, तर वारस म्हणून त्यांच्या मुलीचा हिस्सा आधी सोडवावा लागला असता.

म्हणून बक्षीसपत्रच करायचं ठरलं, पण मसुदा वकिलाकडून नव्याने लिहून घ्यायचा. बराच वेळ ‘सांभाळ’ म्हणजे काय यावर गेला. “जेवणखाण, औषधपाणी सगळं बघीन,” मुलगा म्हणाला. मी विचारलं, आई अंथरुणाला खिळली तर रात्री कोण उठणार? बाई ठेवायची झाली तर पैसे कोणाचे? सून म्हणाली, “हे आधी ठरलं तर मलाच बरं. नाहीतर सगळं माझ्यावर येतं.” शेवटी असं लिहिलं की दर महिन्याला ठरलेली रक्कम काकूंच्या खात्यात जमा व्हावी, दवाखाना आणि गरजेनुसार मदतनीस यांचा खर्च मुलाने करावा, आणि त्यांची खोली त्यांचीच राहावी. रक्कम खात्यात टाकण्याचा मी आग्रह धरला, कारण हातात दिलेल्या पैशाचा पुरावा उरत नाही; पासबुकात मात्र चुकलेला महिना लगेच दिसतो.

दुसरी अट हयातभर त्याच घरात राहण्याच्या हक्काची. असा हक्क राखूनही बक्षीसपत्र वैध राहतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल आहे. त्याला जोडून, काकूंच्या लेखी संमतीशिवाय घर विकायचं किंवा गहाण ठेवायचं नाही, असंही घातलं. मुलगा इथे अडला: “मग बँक कर्ज देणार नाही.” अगदी बरोबर, आणि ती अट त्याचसाठी आहे. नोंदणीकृत दस्तातच हक्क लिहिलेला असला की ‘आम्हाला माहीत नव्हतं’ असं म्हणायला खरेदीदाराला किंवा बँकेला जागा उरत नाही. त्यावर तो बराच वेळ गप्प राहिला. मग कर्जाचा विचार त्याने सोडला.

मुलगाच आधी गेला तर काय, हे कोणी उच्चारायला तयार नव्हतं. मी विचारलं. घर ज्यांच्याकडे जाईल त्यांच्यावर सांभाळाची जबाबदारीही जाईल, असं सुनेच्या संमतीने लिहिलं गेलं.

रद्द करण्याचं कलम लिहिताना ‘आईला वाटेल तेव्हा’ असं घालून चालत नाही; निव्वळ देणाऱ्याच्या मर्जीवर रद्द होणारं बक्षीस कायद्याने टिकत नाही. घटना नेमकी लागते. इथे ती अशी ठरली: सलग तीन महिने रक्कम न देणं किंवा घराबाहेर काढणं, आणि लेखी नोटिशीनंतरही तीस दिवसांत सुधारणा न होणं.

दस्त दुय्यम निबंधकांकडे नोंदवला. राहतं घर मुलाला बक्षीस देताना महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपयेच आहे, स्थानिक अधिभार वेगळा. त्यामुळे अटींसाठी वकिलाला दिलेली फी जड वाटू नये.

ज्यांनी अटीविना सही करून टाकली आहे, त्यांनी त्या काळातलं काही लेखी आहे का ते शोधावं. मध्य प्रदेशातल्या एका आईच्या बक्षीसपत्रासोबत त्याच दिवशीचं मुलाचं वचनपत्र होतं. २०२५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही एकत्र वाचून घर तिला परत दिलं. काहीच सापडलं नाही, तर कलम २३ चा आधार कमकुवत पडतो. तरीही मुलाकडून निर्वाहभत्ता मागण्याचा अर्ज त्याच प्रांत कार्यालयात करता येतो; त्यासाठी घर दिलेलं असण्याची गरज नाही.