कोबाल्टचा जुना सोर्स आणि लांबणारी वेळ

प्रश्न : आईला सोलापुरात कोबाल्ट मशीनवर लाइट, म्हणजे रेडिएशन, चालू आहे. टेक्निशियन म्हणाले, सोर्स जुना झालाय म्हणून वेळ जास्त लागतो. डोस कमी पडत असेल का? सोर्स बदलतात तरी कधी?

डोस कमी पडत नाही. सोर्स म्हणजे मशीनमधला किरणोत्सारी कोबाल्ट, तो महिन्याला साधारण १.१ टक्क्याने मंदावतो, त्या हिशेबाने वेळ वाढवतात. भीती हिशेब चुकण्याची. अमेरिकेत ओहायोतल्या एका रुग्णालयात १९७४ ते ७६ या काळात ही घट सरळ रेषेत पुढे ओढली गेली. खरी घट वक्र असते, पुढे पुढे मंद होत जाते. कागदावरचा सोर्स खऱ्यापेक्षा कमजोर ठरला, वेळ जास्त लावली गेली आणि ४२६ रुग्णांना जादा डोस गेला. म्हणून आउटपुट, म्हणजे मिनिटाला मिळणारा डोस, चेंबर या मोजणीच्या उपकरणाने प्रत्यक्ष मोजून चार्टशी ताडायचा असतो. फरक २ टक्क्यांच्या वर गेला, तर कारण सापडेपर्यंत मी पेशंट टेबलावर घेत नसे.

बदलण्याचं विचारलंत, तर आमच्या ट्रस्टींशी मी याच एका गोष्टीवर वर्षानुवर्षं भांडलो. त्यांचं म्हणणं, "मशीन चालतंय ना? मग दोन मिनिटं जास्त लागली तर काय बिघडलं?"

काय बिघडतं ते बघा. नव्या सोर्सचा आउटपुट मिनिटाला २०० सेंटीग्रे धरू. चार फील्ड, म्हणजे किरण सोडायच्या चार जागा, प्रत्येकी १६० सेंटीग्रे, म्हणजे बीम सव्वातीन मिनिटं चालू. ५.२७ वर्षांनी आउटपुट १००, बीम साडेसहा मिनिटं. आठव्या वर्षी ७०, बीम नऊ मिनिटं. पेशंट झोपवून फील्ड लावायला आठेक मिनिटं तेव्हाही लागतात, आताही. म्हणजे माणशी ११ मिनिटांची १७ झाली. चाळीस पेशंटची यादी सव्वासात तासांत उरकायची, ती सव्वाअकरा तासांवर गेली. अक्कलकोट, मंगळवेढ्याकडच्या लोकांची शेवटची एसटी चुकायची, ते व्हरांड्यात मुक्काम करायचे. मणक्यात गाठ पसरलेला माणूस नऊ मिनिटं कण्हत हलतो. तो हलला की फील्डही सरकतं, हे कुठल्याच चार्टवर दिसत नाही.

माझं मत स्पष्ट आहे : आउटपुट निम्म्यावर आला की नवा सोर्स बसलेला हवा, त्यामुळे मागणी त्याच्या बरीच आधी घालायची. पैसे मंजूर व्हायचे, एईआरबी या अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी यायची, नवा सोर्स किरण अडवणाऱ्या जाड फ्लास्कमधून यायचा, जुना परत जायचा. मग आउटपुट नव्याने मोजून जुने टायमिंगचे चार्ट फाडून टाकायचे, कारण नव्या सोर्सवर चुकून जुनी वेळ लागली तर डोस दुप्पट-तिप्पट. तेवढे दिवस मशीन बंद. आमचे ट्रस्टी या बंद दिवसांचा तोटा मोजायचे, रोजचे चार तास मात्र फुकटचे धरायचे.

अर्थात दिवसाला पंधराच पेशंट असतील, तर आठ वर्षं ओढली तरी यादी उरकते, तिथे माझा हट्ट नाही. आईंना टेबलावर पडून राहणं जड जात असेल, तर उशी, आधार किंवा लाइटच्या आधी वेदनेची गोळी देता येईल का, ते डॉक्टरांना विचारा.