ठिबकाच्या साफसफाईची एकच यादी, घरातील सर्वांच्या फोनवर

प्रश्न: "संत्र्याच्या बागेतील ठिबक साफ करताना दर वेळी एखादे काम सुटते. यादी एकदाच बनवून ती पंधरा दिवसांनी आपोआप परत यावी, घरातल्या चौघांना दिसावी आणि पुढच्या हंगामातही चालावी, असे कसे करता येईल?"

आमची बाग वरूड तालुक्यात आहे आणि हेच काम मी Todoist या ॲपमध्ये करतो, म्हणून त्याच्याच आधारे सांगतो.

प्रथम "ठिबक" नावाचा एक प्रोजेक्ट उघडावा आणि त्यात "ठिबक साफ करणे" असे एकच मुख्य काम लिहून बाकीची कामे त्याच्याखाली उपकामे म्हणून टाकावीत. आमच्या यादीत पाच उपकामे आहेत: फिल्टरच्या आधीचा व नंतरचा दाब पाहणे, वाळूचा फिल्टर उलट्या पाण्याने धुणे, जाळीचा फिल्टर उघडून ब्रशने घासणे, सबमेनचा व्हॉल्व्ह उघडून पाणी सोडणे आणि शेवटी नळ्यांच्या टोकाची बुचे काढून स्वच्छ पाणी येईपर्यंत ती उघडी ठेवणे. हा क्रम मोडू नये, कारण फिल्टर आधी साफ न करता नळ्या धुतल्या तर तोच गाळ पुन्हा नळ्यांत येतो. दोन्ही दाबांत अर्ध्या किलोपेक्षा जास्त फरक दिसला तर तारखेची वाट न पाहता फिल्टर साफ करावा. तेवढी सूचना मी पहिल्या उपकामाच्या नावातच लिहून ठेवली आहे.

कामांची नावे मराठीत लिहिता येतात, पण तारखेचे शब्द मराठीत लिहिल्यास ॲपला ते कळत नाहीत आणि ते नावाचाच भाग होऊन बसतात. म्हणून मुख्य कामाच्या तारखेच्या जागी पुढील शब्द जसेच्या तसे टाकावेत:

```
every! 15 days
```

येथील उद्गारचिन्ह फार महत्त्वाचे आहे. ते नसेल तर पुढची तारीख ठरलेल्या तारखेपासून मोजली जाते. ते असेल तर काम प्रत्यक्ष पूर्ण केल्याच्या दिवसापासून. समजा १ डिसेंबरचे काम शेतीची लाईन रात्रपाळीची असल्यामुळे ५ तारखेला झाले, तर उद्गारचिन्हासह पुढची तारीख २० डिसेंबर येते आणि त्याशिवाय १६ डिसेंबर. गाळ साठायला लागतो तो साफसफाईच्या दिवसापासून, त्यामुळे येथे उद्गारचिन्हाचीच पद्धत योग्य ठरते. बिल भरण्यासारख्या कामांत मात्र उलट आहे. तेथे तारीख बाहेरून ठरलेली असते, म्हणून चिन्ह लावू नये.

पहिल्या वर्षी आमची फजिती वेगळ्याच ठिकाणी झाली. धाकट्या भावाने शेतातून पाचही उपकामांवर खूण केली आणि तो निश्चिंत झाला. पंधरा दिवसांनी यादी रिकामीच दिसली आणि मुख्य काम लाल रंगात जुन्याच तारखेवर अडकून होते. उपकामे संपली म्हणून मुख्य काम आपोआप पूर्ण होत नाही. त्यावर शेवटी स्वतंत्र खूण करावी लागते, आणि ती केल्यावरच पुढची तारीख लागून पाचही उपकामे पुन्हा कोरी होतात. तेव्हापासून मुख्य कामाचे नाव आम्ही "ठिबक साफ करणे (शेवटी येथे खूण करा)" असे ठेवले आहे. तारीख फक्त मुख्य कामाला द्यावी, उपकामांना वेगळी देऊ नये.

घरच्यांना जोडण्यासाठी प्रोजेक्ट त्यांच्या ईमेलवर शेअर करावा. एकाने खूण केली की ती सर्वांच्या यादीत होते. म्हणून प्रत्येक काम कोणाचे, ते त्या कामावर नेमून द्यावे. नाहीतर बाबांना वाटते मुलाने केले आणि मुलाला वाटते बाबांनी केले. शेतात नेटवर्क नसले तरी खूण करता येते. घरी फोनला नेट मिळाल्यावर ती इतरांना दिसते. आठवणीची घंटी प्रत्येकाने आपापल्या फोनवर लावावी आणि पाच मिनिटांनंतरचे एखादे खोटे काम लावून ती वाजते का हे पाहावे. वाजत नसेल, तर फोनच्या बॅटरी-बचतीच्या सेटिंगमध्ये या ॲपला मोकळीक द्यावी. आमच्या घरी दोन फोनांत दोष तेथेच सापडला.

पुढच्या हंगामासाठी प्रोजेक्ट टेम्पलेट म्हणून सीएसव्ही फाइलमध्ये काढून ठेवावा. आंबिया बहाराचा ताण तोडणारे पहिले पाणी, खत अशी एका मागोमाग येणारी कामेही त्यात असतील, तर फाइल काढताना `Use relative dates` सुरू करावे. मग तारखा दिवसांच्या अंतराने जतन होतात आणि फाइल पुन्हा आणताना त्या दिवसापासून नव्याने मोजल्या जातात. म्हणून ती ताण तोडण्याच्या दिवशीच आणावी. आठवडाभर आधी आणली तर सगळ्याच तारखा आठवडाभर आधी लागतील. पावसाळ्यात ठिबक बंद असताना मुख्य कामाची तारीख काढून टाकली तरी उपकामे जागेवर राहतात.