नाव बदललं, गुणपत्रिका जुनीच: मुलाखतीत किती सांगायचं?

प्रश्न: मॅडम, मी ट्रान्स स्त्री आहे, कळव्यात राहते. बी.कॉम. झालंय, ठाण्यात दोन वर्षं अकाउंट्सचं काम केलंय. ओळख प्रमाणपत्र मिळालंय, राजपत्रात नाव बदललंय, आधार आणि पॅनही नव्या नावाने झालंय. पण दहावी, बारावी, पदवी आणि अनुभवपत्र जुन्याच नावाचं आहे. आता ऐरोलीच्या एका कंपनीत मुलाखत आहे. बायोडेटावर कुठलं नाव घालू? मुलाखतीतच सगळं सांगून टाकू का? – रेवा

उत्तर: रेवा, बायोडेटावर आधारवरचं नाव घाला, बाकी काही नको. शेजारी जुनं नाव नको, लिंगाचा रकानाही नको. मुलाखत घेणाऱ्याला तुमचं जीएसटीचं आणि बँक रिकन्सिलिएशनचं काम तपासायचं असतं. गुणपत्रिका पाहतो एचआर, आणि तोही बहुतेक ठिकाणी ऑफर ठरल्यावर. त्यामुळे पॅनेलसमोर सांगायचं की नाही, ही सर्वस्वी तुमची मर्जी. सांगितलं नाहीत म्हणून काही लपवलंत असं होत नाही.

मात्र जुनं नाव तुमच्याआधी पोचत नाही ना, ते बघा. फोन वाजला की एचआरच्या ट्रूकॉलरवर काय दिसतं? मैत्रिणीच्या मोबाइलवर फोन करून पाहा. ईमेल आयडी, पाठवण्याच्या पीडीएफ फाइलचं नाव, लिंक्डइनचा पत्ता, यांतही जुनं नाव हमखास राहून जातं. हे सगळं एका संध्याकाळचं काम आहे.

ऑफर आली की चित्र बदलतं. आता पार्श्वभूमी पडताळणी होते, म्हणजे बाहेरची एजन्सी विद्यापीठाला आणि जुन्या कंपनीला विचारते. त्यांच्या नोंदीत रेवा नावाची कुणी नाहीच. नवं नाव देऊन तुम्ही गप्प राहिलात, तर ‘नोंद सापडली नाही’ असा शेरा येतो, आणि तो खोट्या पदवीसारखा दिसतो. म्हणून पडताळणीच्या फॉर्मवर ‘यापूर्वीचं नाव’ असा रकाना असेल तर तो खरा भरा. लपवाछपवीचा आरोप होऊ शकतो तो इथेच, मुलाखतीत नव्हे.

फॉर्म भरायच्या आधी एचआरमधल्या एकाच व्यक्तीला मेल करा, आख्ख्या टीमला नाही. मजकूर साधा ठेवा: ‘माझं नाव कायदेशीररीत्या बदललं आहे. राजपत्राची प्रत सोबत आहे. शैक्षणिक कागद व अनुभवपत्र आधीच्या नावाने आहेत. ते नाव फक्त पडताळणीसाठी वापरावं. ईमेल आयडी, ओळखपत्र आणि कंपनीच्या यादीत रेवा हेच नाव असावं.’ नावाचा दुवा जोडायला राजपत्राचं पान पुरतं. ओळख प्रमाणपत्र पहिल्याच मेलला जोडू नका. लिंगाच्या नोंदीतला फरक कुणी विचारला तर दाखवा. दोन नावं शेजारी आली की वाचणाऱ्याला बहुधा कळतंच, हे मनाशी धरून चला. पण ते कुणाला, कधी आणि कुठल्या शब्दांत कळावं, हे तुमच्या हातात राहतं. शस्त्रक्रिया, औषधोपचार यांतलं काही कुणालाही सांगायची गरज नाही.

माझ्या मते सगळ्यात नाजूक कागद अनुभवपत्र. पदवीची पडताळणी बैठक क्रमांकावर होते, पण जुन्या ऑफिसात माणूस फोन उचलतो आणि भाबडेपणाने ‘हो, तो आमच्याकडेच होता’ म्हणून जातो. तिथल्या एचआरला आजच राजपत्राची प्रत देऊन नव्या नावाचं पत्र मागा. नाही दिलं, तर निदान फोनवर काय बोलायचं ते सांगून ठेवा, आणि संदर्भासाठी तुम्हाला रेवा म्हणून ओळखणाऱ्या वरिष्ठाचं नाव द्या.

पीएफही विसरू नका. जुन्या नोकरीतला यूएएन जुन्या नावाचा आणि ‘पुरुष’ नोंदीचा असेल, तर तो नव्या आधारशी जुळणार नाही आणि रुजू होताना गाडी तिथे अडेल. ईपीएफओच्या सदस्य पोर्टलवर नाव आणि लिंग, दोन्हींची दुरुस्ती आत्ताच टाका. जुन्या कंपनीची मंजुरी लागते का, तेही तिथेच कळेल. हा घोळ टाळायला दुसरा यूएएन काढायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, पुढे दोन खाती एकत्र करताना नाकी नऊ येतात.

पॅनेलमधल्या कुणी खासगी प्रश्न विचारलाच तर ‘तो विषय कामाशी संबंधित नाही; मागच्या ऑफिसात मी कुठली खाती सांभाळायचे ते सांगू का?’ असं म्हणून पुढे जा. 2019 च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याच्या कलम 9 नुसार कुठल्याही आस्थापनेला भरतीत भेदभाव करता येत नाही, आणि कलम 11 नुसार आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमलेला असायला हवा. 2020 च्या नियमांप्रमाणे आस्थापनेच्या समान संधी धोरणात कर्मचाऱ्याच्या लिंगओळखीची गोपनीयताही यावी लागते. ऑफर हातात आल्यावर हे धोरण एचआरकडे मागा. नवा कर्मचारी ते सहज मागू शकतो, त्यासाठी स्वतःबद्दल काही सांगावं लागत नाही. धोरणाचं नाव काढल्यावर समोरचा गोंधळला, तर जुन्या नावाचे कागद त्याच्या हाती देण्याआधी वरच्या कुणाशी तरी बोलून घ्या.