पाचशे शब्दांत कुस्ती कशी मांडायची?

"ताई, मी अकरावीत आहे, घाटकोपरला राहते, ५३ किलोत खेळते. एका ट्रस्टच्या शिष्यवृत्तीसाठी सराव, घरची परिस्थिती आणि ध्येय यांवर ५०० शब्दांत लिहायचं आहे. मी लिहिलंय की मला लहानपणापासून कुस्तीची आवड आहे, मी रोज पहाटे कठोर मेहनत घेते, आईवडिलांनी माझ्यासाठी खूप त्याग केला आणि मला ऑलिम्पिकमध्ये देशासाठी सुवर्णपदक आणायचं आहे. सर म्हणाले, छान आहे. पण मला वाटतं सगळे हेच लिहितील. पप्पा म्हणतात, घरचं काही लिहू नकोस. आणि मागच्या वर्षी गुडघा दुखावला होता, ते सांगू की लपवू?"

तुझी शंका बरोबर आहे. अशा अर्जांच्या छाननीला मी दोन वर्षं बसले आहे. 'कठोर मेहनत' आणि 'खूप त्याग' हे शब्द इतक्या अर्जांत असतात की वाचणाऱ्याची नजर त्यांच्यावरून घसरते. त्याला दोनच गोष्टी हव्या असतात : ही मुलगी आपल्या खेळाकडे बघते कशी आणि दिलेला पैसा नेमका कुठे जाणार.

परवा फोनवर तू मला राज्य स्पर्धेची उपांत्य फेरी सांगितलीस आणि अर्जात मात्र फक्त 'कांस्यपदक' लिहिलंस. त्या कुस्तीत तू १०-० ने हरलीस. समोरचीने एकदा पट काढून, म्हणजे पाय धरून खाली पाडून, ताबा घेतला, त्याचे दोन गुण. मग मागून कंबर धरून तुला भारंदाजावर चार वेळा फिरवलं, प्रत्येक वेळी दोन गुण. दहा गुणांची आघाडी झाली की फ्रीस्टाइलमध्ये कुस्ती तिथेच थांबते. म्हणजे एक पट निघाला आणि दोन मिनिटांच्या आत खेळ संपला. तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळच्या सरावात शेवटची वीस मिनिटं तू खाली बसून फक्त बचाव करतेस. जोडीला मुलगी नाही, म्हणून वस्ताद एका ५५ किलोच्या मुलाला कंबर धरायला लावतात. सुरुवातीला तो दहापैकी सात-आठ वेळा तुला फिरवायचा, आता तीन-चार वेळा फिरवतो. अगं, हाच तुझा पहिला आणि सगळ्यात मोठा परिच्छेद! पहाटे किती वाजता उठतेस, किती सपाटे मारतेस, हे एका वाक्यात उरक, कारण ते प्रत्येक तालमीत होतं. पण आपण कुठे हरलो हे ओळखून त्यावर सहा महिने काम करणारी मुलगी सतरा वर्षांची आहे, हे वाचणाऱ्याच्या लक्षात राहतं. या भागाला १८० शब्द दे.

याच भागात तू लिहिलेलं एक वाक्य मात्र काढून टाक : 'स्पर्धेआधी दोन दिवस पाणी सोडून मी तीन किलो उतरवते.' तुला ते जिद्दीचं वाटतं, पण कुस्ती कळणारा माणूस तिथे दचकेल. आता वजन स्पर्धेच्या दिवशी सकाळीच होतं. पाणी तोडून उतरवलेलं शरीर भरून यायला तास-दोन तासच मिळतात आणि चक्कर घेऊन मॅटवर उतरावं लागतं. २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगाट अंतिम फेरीच्या सकाळी १०० ग्रॅमने अपात्र ठरली, हे तू पाहिलं आहेस. वाक्य काढून भागणार नाही, सवयही बदल. वस्ताद आणि डॉक्टरांशी बोलून रोजचं वजन हळूहळू ५४ च्या आसपास आणायचं ठरव आणि अर्जात तेच लिही. वाढत्या वयात ते जमत नसेल, तर ५७ किलोत जाणं हा कमीपणा नाही.

आता पप्पांचं. त्यांना संकोच वाटतो, तो मान्य कर. मशीद बंदरला गोण्या वाहणाऱ्या माणसाला आपलं दारिद्र्य कुणासमोर मांडायचं नसतं. म्हणून रडकथा लिहू नकोस, हिशेब लिही. तू दिलेल्या आकड्यांवरून मी खुराकाचा मांडून पाहिला : रोज दीड लिटर दूध महिन्याला ३,१५० रुपये, सहा अंडी १,२६०, बदाम १,३५०, केळी आणि फळं ६००. एकूण ६,३६० रुपये, म्हणजे वर्षाला ७६,३२०. घरात महिन्याला साधारण २४,००० येतात, त्यातला चौथा हिस्सा तुझ्या खुराकाला जातो. पुढे एवढंच लिही की यासाठी आईने पोळ्यांची आणखी दोन घरं धरली आणि भावाचा क्लास यंदा बंद आहे. 'त्याग' हा शब्द न वापरताही तो दिसेल. आणि ट्रस्टच्या पैशातून महिन्याचे किती रुपये खुराकाला, किती मॅटच्या बुटांना, किती प्रवासाला जातील, तेही इथेच सांग. दूध-अंड्यांच्या पावत्या ठेवायला आजपासून सुरुवात कर, मुलाखतीत विचारतात.

एक गोष्ट मला फार आवडली होती, ती तू ओघात बोललीस. अंधारात एकटी नको म्हणून पप्पा पहाटे तुझ्याबरोबर तालमीपर्यंत येतात, डबा मांडीवर घेऊन बाहेरच्या कट्ट्यावर बसतात आणि उजाडलं की तिथूनच लोकल पकडतात. त्यांची हरकत नसेल तर हे एक वाक्य घाल. मात्र आधी घरच्या भागाचा कागद त्यांच्या हातात दे आणि ते जे खोडतील ते खोडलेलंच राहू दे.

गुडघ्याचं सांग, तीन वाक्यांत. कधी दुखावला, किती महिने मॅटवर नव्हतीस, डॉक्टरांनी खेळायला परवानगी कधी दिली. त्या काळात काय केलंस हेही. परवानगीचं पत्र सोबत जोड. लपवलंस आणि वैद्यकीय तपासणीत निघालं, तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो.

ध्येयाच्या भागात ऑलिम्पिक राहू दे, पण शेवटच्या पायरीवर. तुझ्या गटाची एक सोय आहे : ५३ किलो हा गट १७ वर्षांखालील, २० वर्षांखालील आणि ऑलिम्पिक या तिन्हीकडे आहे. म्हणजे वजन सांभाळलंस तर गट न बदलता वर जाता येतं. यंदा राज्याची अंतिम फेरी, पुढच्या वर्षी २० वर्षांखालील गटाची निवड चाचणी, मग राष्ट्रीय शिबिर, असं वर्षावार लिही. आणि अभ्यासाचं विसरू नकोस. पदवीनंतर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षणाचा डिप्लोमा करायचा विचार तू बोलून दाखवला होतास. मुंबईत मुलींना शिकवणाऱ्या महिला प्रशिक्षक कमी आहेत, हे तू रोज अनुभवतेस, म्हणूनच तर जोडीला मुलगा लागतो. तेच कारण लिही. खेळताना हाडं मोडू शकतात, तेव्हा दुसरी वाट तयार असलेली मुलगी ट्रस्टला जबाबदार वाटते.

खाशाबा जाधवांचा परिच्छेद काढ. १९५२ चं हेलसिंकीचं पदक वाचणाऱ्यांना पाठ आहे आणि तुझे साठ शब्द त्यात गेलेत.

वस्तादांना भारंदाजाचा भाग वाचून दाखव, आकडा चुकला असेल तर ते सांगतील. पप्पांनी घरचा भाग पाहिला की मग मला पाठव. रविवारी दुपारी मी मोकळी आहे, शब्द कमी करायला आपण दोघी मिळून बसू.