आगाऊ कर: वर्ष संपण्याआधीच का भरायचा?

प्रश्न: मी व्हिडिओ एडिटिंगची स्वतंत्र कामे घेतो. वर्षाचे उत्पन्न मार्चनंतरच कळते, मग कर जूनपासून का मागतात?

तुमचा नोकरदार मित्र दरमहा कर भरतो, कारण त्याची कंपनी पगारातूनच तो कापून सरकारजमा करते. उत्पन्न जसे मिळेल तसा त्यावरचा कर द्यावा, हेच तत्त्व तुम्हालाही लागू आहे. मात्र तुमच्या बाबतीत दरमहा पूर्ण कर कापणारे कोणी नाही, आणि परदेशी ग्राहक तर सहसा टीडीएस कापतच नाही. म्हणून टीडीएस वजा जाऊन वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा अधिक होणार असेल, तर या उरलेल्या कराच्या १५ टक्के १५ जूनपर्यंत, एकूण ४५ टक्के १५ सप्टेंबरपर्यंत, ७५ टक्के १५ डिसेंबरपर्यंत आणि संपूर्ण कर १५ मार्चपर्यंत जमा व्हावा लागतो.

समजा टीडीएस वजा जाता तुमचा कर ८०,००० रुपये झाला आणि तुम्ही तो थेट जुलैमध्ये विवरणपत्रासोबत भरला. पहिल्या तीन हप्त्यांच्या तुटीवर दरमहा १ टक्का दराने तीन-तीन महिन्यांचे आणि शेवटच्या तुटीवर एका महिन्याचे व्याज, म्हणजे ३६०, १,०८०, १,८०० आणि ८०० मिळून ४,०४० रुपये होतात. शिवाय मार्चअखेर ९० टक्के कर जमा नसल्यामुळे एप्रिल ते जुलै असे चार महिन्यांचे ३,२०० रुपये वेगळे लागतात. हे ७,२४० रुपये हातचे जाऊ नयेत, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न: मला मोठे काम ऑक्टोबरमध्ये मिळाले. जूनमध्ये त्याचा अंदाज कसा बांधणार?

तो बांधता येत नाही, आणि त्यामुळे आधीचा अंदाज चुकला तरी घाबरू नये. प्रत्येक हप्त्याच्या वेळी तोवरची बिले आणि हातातली कामे पाहून अंदाज नव्याने करावा. वरच्याच उदाहरणात तुम्ही आधी ४०,००० रुपयांचा कर धरून जूनमध्ये ६,००० आणि सप्टेंबरपर्यंत एकूण १८,००० रुपये भरले, नंतर डिसेंबरमध्ये एकूण रक्कम ६०,००० पर्यंत नेली आणि उरलेला कर १५ मार्चपूर्वी भरला, तर व्याज केवळ १८० आणि ५४० मिळून ७२० रुपये लागते. जूनपर्यंत किमान १२ आणि सप्टेंबरपर्यंत एकूण किमान ३६ टक्के कर भरलेला असला, तरी त्या हप्त्यांचे व्याज लागत नाही. व्यवसायाचे उत्पन्न प्रथमच सुरू झाले असेल, तर त्या उत्पन्नामुळे पडलेल्या तुटीवर, उरलेल्या हप्त्यांत कर भरल्यास, हप्त्यांचे व्याज माफ असते.

प्रश्न: मी वास्तुविशारद आहे आणि निम्मी जमा नफा धरून कर भरते. मलाही चार हप्ते का?

नाही. अनुमानित उत्पन्नाची ती योजना निवडणाऱ्यांना संपूर्ण आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरता येतो. ती तारीख चुकली, तरी ३१ मार्चपर्यंत भरलेली रक्कम आगाऊ करच मानली जाते. हप्ता चुकल्याचे एका महिन्याचे व्याज मात्र द्यावे लागते.