माल्डी-टॉफ आणि शिगेला

प्रश्न: जंतू ओळखणाऱ्या माल्डी-टॉफ मशीनने रिपोर्ट ई. कोलाय आला, पण पेशंटला रक्ताची आव आहे. मशीनवर विश्वास ठेवू का?

इथे नको, कारण रक्ताची आव करणाऱ्या शिगेला या जंतूलाही मशीन ई. कोलाय म्हणू शकतं. मशीन चालतं ते असं: प्लेटवरची एक कॉलनी काडीने स्टीलच्या टार्गेटवर अगदी पातळ सारवायची, वर 1 मायक्रोलिटर मॅट्रिक्सचं द्रावण, वाळलं की लेझर. जाड थर दिला तर जुळणीचा स्कोअर हमखास घसरतो. काही मिनिटांत नाव मिळतं. बायोकेमिकल टेस्टना आणखी एक दिवस लागतो. हा फायदा खरोखर मोठा आहे.

पण मशीन पाहतं ती मुख्यतः रायबोसोमची प्रथिनं, आणि शिगेला व ई. कोलाय यांची ती जवळजवळ सारखीच. त्यामुळे स्कोअर 2 च्या वर, म्हणजे एरवी भरवशाचा, असला तरी नाव चुकू शकतं. कॉलनी मॅकॉन्की अगारवर फिकट असेल, तर मोटिलिटी, लायसिन आणि शिगेलाचं अँटिसेरम लावूनच रिपोर्ट सोडा. अँटिबायोटिक सेन्सिटिव्हिटी तर वेगळी लावावीच लागते.